साडेतीन तासांची झोप, आठ तासांची नोकरी

बाळंतपणाची रजा संपत आली की घरात एक वाक्य हमखास ऐकू येतं: "तुझं तर घरूनच काम आहे, बाळ झोपलं की करशील." बोलणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण हे वाक्य कागदावर मांडून कुणी पाहिलेलं नसतं.

आपण मांडून पाहू. चार महिन्यांपासून वर्षापर्यंतचं बाळ चोवीस तासांत साधारण १२ ते १६ तास झोपतं. सहा महिन्यांच्या बाळाचे चौदा तास धरले, तर त्यातले साडेदहा-अकरा रात्रीत जातात. ती रात्रही सलग नसते, मध्ये दुधासाठी उठणं असतंच. दिवसाच्या वाट्याला उरतात तीन-साडेतीन तास आणि तेही तीन तुकड्यांत. प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला थोपटणं, हळूच हात काढून घेणं, पावलं न वाजवता दुसऱ्या खोलीत जाणं यात दहा मिनिटं जातात. म्हणजे सगळं मनासारखं झालं तरी दिवसाच्या झोपेतून कामाला मिळणारा वेळ अडीच तास, फार तर तीन. नोकरी आठ तासांची. उरलेले पाच तास बाळाच्या झोपेतून निघणारच नाहीत, ते दुसरीकडून उभे करावे लागतात. हे आधीच मान्य केलं, तर दिनक्रमाची आखणी शक्य होते. नाहीतर रोज संध्याकाळी वाटत राहतं की आज बाळ नीट झोपलं नाही म्हणून काम राहिलं. खरं म्हणजे ते नीट झोपलं असतं तरी काम राहिलंच असतं.

यात आपल्या कायद्याचाही एक योगायोग आहे. २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन बाळंतपणांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. त्यातले काही आठवडे बहुतेक जणी बाळंतपणाआधी घेतात. त्यामुळे आई कामावर परतते तेव्हा बाळ पाच-सहा महिन्यांचं असतं, आणि दिवसाच्या झोपा सगळ्यात बेभरवशाच्या असण्याचा काळ नेमका हाच.

बेभरवशाच्या का, तर झोप दोन गोष्टींवर चालते. एक म्हणजे शरीरातलं दिवस-रात्रीचं घड्याळ. ते जन्मतः लागलेलं नसतं, तीन-चार महिन्यांच्या सुमारास रात्रीपुरतं बसू लागतं. दुपारच्या झोपेला अजून त्याचा पक्का आधार नसतो. दुसरी गोष्ट म्हणजे जागेपणात साचत जाणारी झोपेची ओढ. मोठ्या माणसात ती दिवसभर हळूहळू साचते, तान्ह्या बाळात दोन-अडीच तासांतच काठोकाठ भरते. त्यातून बाळाच्या झोपेचं एक आवर्तन ४५-५० मिनिटांचं असतं. ते संपताना झोप पातळ होते. तेव्हा बाळ पुन्हा आत शिरलं तर दीड तास झोपतं, नाही शिरलं तर पाऊण तासातच डोळे टक्क उघडे. कुकरची शिट्टी, दारावरची बेल, ओला लंगोट यांपैकी काहीही निमित्त पुरतं. बऱ्याचदा निमित्तही लागत नाही.

म्हणून "सकाळी ९ ते १० झोप, दुपारी १ ते ३ झोप" असं घड्याळाला बांधलेलं वेळापत्रक भिंतीवर लावून उपयोग नाही. मोजायचं ते घड्याळ नव्हे, बाळ किती वेळ जागं आहे ते. सहा महिन्यांच्या आसपास बहुतेक बाळं दोन ते अडीच तास जागी राहतात, नऊ महिन्यांपर्यंत हे तीन तासांच्या घरात जातं. हे आकडे अनुभवातून आलेले ठोकताळे आहेत, वैद्यकीय मर्यादा नव्हेत. आपल्या बाळाचा आकडा आपणच काढायचा. त्यासाठी फार काही लागत नाही. रजेच्या शेवटच्या आठवड्यात दुधाच्या हिशेबाची वही असते तशा एखाद्या वहीत फक्त दोनच वेळा टिपायच्या, उठलं कधी आणि झोपलं कधी. आठवड्याने पानं चाळली की झोपांच्या वेळा इकडे-तिकडे पळालेल्या दिसतील, पण दोन झोपांमधला जागेपणा बऱ्यापैकी सारखा दिसेल. आखणी त्या आकड्यावर करायची.

या सगळ्या सरकत्या वेळांना दोन खुंट्या ठोकता येतात. पहिली, सकाळी उठण्याची वेळ. रात्र कशीही गेली असली तरी बाळाला रोज साधारण एकाच वेळी उठवायचं, पडदा सारून उजेडात आणायचं. पावणेसात तर पावणेसात. पहाटे दोनदा उठलेल्या बाळाला साडेआठपर्यंत झोपू द्यावंसं वाटतं, पण तसं केलं की पुढचा सगळा दिवस दोन तासांनी सरकतो आणि कालच्या नोंदीतून आजचा अंदाज बांधता येत नाही.

दुसरी खुंटी आपल्या घरांत आयती असते आणि तिच्याकडे कामाच्या दृष्टीने कुणी पाहत नाही. ती म्हणजे तेल लावून घातलेली अंघोळ. मालीश, गरम पाणी, मग दूध, आणि त्यानंतर लागणारी झोप ही बहुतेक बाळांची दिवसातली सगळ्यात गाढ झोप असते. मालीशवाल्या बाईंच्या हाताला त्याचं श्रेय मिळतं, त्यांचंही खरं असेल. सकाळची पहिली झोप मुळातही इतर झोपांपेक्षा आधी स्थिरावते. या दोन्हींची सांगड घालायची. मालीशवाल्या बाई त्यांच्या फेरीप्रमाणे अकराला येत असतील, तर त्यांना आठची वेळ मागून घ्यावी. जमत नसेल तर सहा महिन्यांच्या बाळाला आजी, बाबा किंवा आई स्वतः अंघोळ घालू शकते. अंघोळीनंतरची धुरी मात्र नको, बालरोगतज्ज्ञ ती टाळायला सांगतात. धुराचा त्रास श्वासाला होतो. झोळीत घातलं की बाळ पटकन झोपतं हे खरं, पण हेलकावा थांबला की उठतं आणि झोका द्यायला माणूस अडकतो. शिवाय झोळीत हनुवटी छातीला टेकून श्वास अडखळू शकतो. घट्ट, सपाट गादी, त्यावर उताणं बाळ, आजूबाजूला उशा आणि दुलया नाहीत, हे सगळ्यात बरं. सहा महिन्यांचं बाळ कुशीवर वळतं, त्यामुळे पलंगाच्या कडेला उशांची भिंत रचून दुसऱ्या खोलीत कॉलवर बसणं धोक्याचं. गादी जमिनीवर घालावी.

आता एक दिवस प्रत्यक्ष मांडू. समजा पुण्यात एका विमा कंपनीत दावे तपासणारी आई आहे. साडेसहा महिन्यांची मुलगी. नवरा सकाळी साडेनऊला बाहेर पडतो, साडेपाचला परततो. बाळाला सांभाळायला एक मावशी रोज चार तास येऊ शकतात, त्याहून जास्त परवडत नाही. पहिला प्रश्न हा की हे चार तास कुठे लावायचे. बहुतेक घरांत मावशींना सकाळी बोलावतात, कारण सकाळी कामाची घाई असते. पण सकाळची पहिली झोप भरवशाची आहे. त्या वेळी मावशी आल्या तर झोपलेल्या बाळाची राखण करत बसतील. त्यांचे तास लावायचे ते बाळाच्या जागेपणावर आणि सगळ्यात बेभरवशाच्या झोपेवर, म्हणजे दुपारच्या. म्हणून त्यांची वेळ साडेदहा ते अडीच.

मुलगी पावणेसातला उठली. साडेआठपर्यंत दूध, खेळ, थोडं नाचणीचं सत्त्व. नवरा घरात असताना आईने स्वतःची अंघोळ आणि नाश्ता उरकला, कुकर लावला. कुकर नंतर लावायचा नाही, शिट्टी झोपेच्या आधीच होऊन गेली पाहिजे. साडेआठला तेल-अंघोळ, मग दूध, नऊ-दहाला झोप. दारावर चिठ्ठी चिकटवलेली, "बेल वाजवू नका, बाळ झोपलंय." कुरियरवाले ती वाचतात, सिलिंडरवाले वाचत नाहीत.

नऊ-दहा ते साडेदहा हा दिवसातला सगळ्यात महाग वेळ. या वेळात ईमेल उघडायचे नाहीत. दाव्यांच्या ज्या फायलीत डोकं घालावं लागतं, डॉक्टरांची बिलं आणि पॉलिसीच्या अटी ताडून पाहाव्या लागतात, ती फाईल आधी. कोणती फाईल, हे आदल्या संध्याकाळीच कागदावर लिहून ठेवलेलं. नाहीतर झोपेची पहिली पंधरा मिनिटं "आता काय करू" यातच जातात. आणखी एक सवय फार कामाची आहे: बाळ चुळबुळलं आणि उठावं लागलं, तर खुर्ची सोडण्याआधी पुढची पायरी एका ओळीत लिहून ठेवायची. "औषधांची बिलं झाली, पान ७ वरचं भूलतज्ज्ञाचं बिल बाकी." तासाभराने परतल्यावर फाईल पुन्हा पहिल्यापासून वाचावी लागत नाही.

साडेदहाला मुलगी उठली, मावशी आल्या. अकराची टीम मीटिंग, जिथे बोलावं लागतं ती, मावशी असतानाच ठेवलेली. दाव्यांवरचे फोनही याच वेळात. सव्वाबाराला वीस मिनिटं दूध. त्याआधी मावशींनी मूगडाळीचं खिमट भरवलं. एक वाजता मुलगी झोपली आणि त्या दिवशी पस्तीस मिनिटांतच उठली.

दिनक्रम इथेच मोडतो, आणि आखणी खरी की खोटी ते इथेच कळतं. मावशी अडीचपर्यंत आहेत, म्हणजे आईचं काम थांबलेलं नाही. बाळ कुरकुरलं की लगेच उचलायचं नाही असं मावशींना सांगून ठेवलेलं आहे, कारण आवर्तनाच्या सांध्यावर बाळं कुरकुरतात आणि दोन-तीन मिनिटं हलकं थोपटलं तर काही वेळा पुन्हा झोपतात. आज नाही झोपली. मग आईने पुढचं गणित बदललं. दीड-पावणेदोनला बाळाबरोबरच जेवून घेतलं, म्हणजे पुढच्या झोपेतली वीस मिनिटं वाचली. अडीचला मावशी गेल्या. दुपारी पावणेतीनला एक प्रशिक्षणाचा कॉल होता, अर्ध्या तासाचा, फक्त ऐकायचा. तो जमिनीवर चटईवर बसून, एका कानात इअरफोन, माइक बंद, समोर मुलगी डाव-चमच्याशी खेळते आहे. असा कॉल झोपेच्या वेळी ऐकला तर तो वेळ वाया जातो.

लांब झोप झाली असती तर पुढची झोप पावणेपाचच्या सुमारास आली असती. आज झोप छोटी झाली, म्हणून पुढची आधी येणार, पावणेचारच्या आसपास. आईने सव्वातीनपासून मुलीकडे लक्ष ठेवलं. नजर हरवते, डाव हातातून सुटतो तो पुन्हा उचलला जात नाही, कान ओढले जातात, भुवया लालसर होतात, ही वेळ. या खुणा चुकल्या आणि रडणं, पाठ ताणून कमान करणं सुरू झालं की थकवा पलीकडे गेलेला असतो. मग झोपवायला अर्धा तास लागतो आणि झोप तरी वीस मिनिटांची लागते. पावणेचार ते साडेचार झोप मिळाली. त्यात कापता येणारी कामं, उत्तरं, दोन सोप्या फायली. साडेपाचला नवरा आला, चहा घेऊन पावणेसहापासून तासभर मुलगी त्याच्याकडे. सव्वासातला रात्रीची झोप. आठ ते सव्वानऊ आईने उरलेलं काम संपवलं.

दिवसभराची बेरीज केली तर डोळे लावून केलेलं काम सात तासांच्या थोडं वर, शिवाय ऐकलेला कॉल. त्यातलं बाळाच्या झोपेतलं काम जेमतेम अडीच तास, आणि त्यातलाही अर्धा तास मावशी घरात असतानाचा. आणि दिवस बिघडलेला होता. दुपारची झोप दीड तासाची झाली असती तर मावशींचा तेवढा वेळ "फुकट" गेला असता. त्या वेळात त्यांना पालेभाजी निवडायला देऊन आईने वीस मिनिटं आडवं व्हावं. तो खर्च वाया गेलेला नाही, बिघडणाऱ्या दिवसांसाठी भरलेला हप्ता आहे, हे विमा कंपनीत काम करणाऱ्या बाईला वेगळं सांगायला नको.

झोप रोजच छोटी होत असेल तर बाळ उठतं कसं ते पाहावं. छोट्या झोपेतून हसत उठलं आणि खेळायला लागलं, तर बहुधा त्याला लवकर झोपवलं गेलं, ओढ पुरेशी साचली नव्हती. जागेपणा दहा-पंधरा मिनिटांनी वाढवून चार दिवस पाहावं. रडत, डोळे चोळत उठलं तर उलट. जागेपणा तेवढाच कमी करावा. रोज रोज बदल करू नयेत, मग कशाने काय झालं ते कळतच नाही. दात, सर्दी, लस, रांगायला लागणं या आठवड्यांत तर काहीच बदलू नये. तो आठवडा जाऊ द्यावा, आणि शक्य असेल तर ऑफिसातली मोठी मुदत त्या आठवड्यात घेऊ नये.

ऑफिसशी बोलताना बऱ्याच जणी "थोडं समजून घ्या" असं मोघम सांगतात. मॅनेजरला त्याचं काय करावं ते समजत नाही. त्यापेक्षा नेमकं सांगावं: अकरा ते एक मी नक्की फोनवर आणि मीटिंगला असेन, अडीचनंतर उत्तराला तासभर लागू शकतो, दिवसाचं काम रात्री सव्वानऊपर्यंत पोहोचेल. आपल्या कायद्यात रजेनंतर घरून काम करण्याची तरतूद आहे, पण ती कामाचं स्वरूप आणि दोन्ही बाजूंची संमती यांवर अवलंबून आहे, तो हक्क म्हणून आपोआप मिळत नाही. म्हणून किती दिवस, कोणते तास हे एचआरकडून लेखी घ्यावं. बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत नेहमीच्या सुट्टीशिवाय स्तनपानासाठी दिवसातून दोन वेळा वेळ मिळण्याची तरतूदही आहे. घरी बसून काम करताना ती कुणाला आठवत नाही. कॅलेंडरात त्या दोन वेळा अडवून ठेवल्या तर त्यांच्यावर मीटिंग पडत नाही.

दूध काढून ठेवणाऱ्यांसाठी एकच गोष्ट. काढलेलं दूध खोलीच्या तापमानाला चार तास चालतं असं सांगतात, पण ते २५ अंशांपर्यंत. मे महिन्यातल्या आपल्या स्वयंपाकघराला ते लागू नाही. काढलं की लगेच फ्रिजमध्ये, दाराच्या कप्प्यात नव्हे तर आत मागे ठेवावं. तिथे चार दिवसांपर्यंत चालतं.

आणि रात्र. सव्वानऊची मर्यादा वर दिली ती ऑफिससाठी नाही, आईसाठी आहे. घर झोपल्यावर अकरा ते एक शांतपणे काम होतं, हे सगळ्यांनाच कळतं आणि काही दिवस ते जमतंही. पण बाळ अडीचला दुधाला उठणार आणि पावणेसातला दिवस सुरू होणार. मग दुपारी मांडीवर बाळ घेऊन सोफ्यावर डोळा लागतो, आणि ती जागा बाळासाठी खरोखर धोक्याची आहे. सोफ्याच्या फटीत, आईच्या अंगाखाली बाळाचा श्वास कोंडू शकतो. झोप अनावर झाली तर कॉल सोडावा, बाळाला त्याच्या गादीवर ठेवावं आणि आडवं व्हावं. "बाळ झोपलं की तूही झोप" हा वडीलधाऱ्यांचा सल्ला नोकरी करणारीला रोज पाळता येत नाही. निदान आठवड्यातल्या सुट्टीच्या दिवशी दुपारी तरी तो अक्षरशः पाळावा.

एका गोष्टीकडे मात्र घरच्यांनी लक्ष ठेवायला हवं. बाळ झोपलेलं आहे, काम संपलेलं आहे, अंग मोडून गेलंय, आणि तरीही आईला झोप लागत नाही. रात्रीमागून रात्री हेच चाललंय, रडू येतं, बाळाजवळ जावंसं वाटत नाही. हे दोन आठवड्यांहून जास्त टिकलं तर ती दमणूक नव्हे, बाळंतपणानंतरचं नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगावं किंवा १४४१६ या टेली मानसच्या नंबरवर फोन करावा, तिथे मराठीतही बोलता येतं. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील तर दोन आठवडे थांबू नये, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावं आणि आईला एकटं सोडू नये.

वर मांडलेला दिवस फार तर दोन-तीन महिने टिकेल. सात ते नऊ महिन्यांच्या दरम्यान बहुतेक बाळं तिसरी झोप सोडतात. संध्याकाळी झोपवायला गेलं की खेळतात, किंवा ती झोप मिळाली तर रात्री नऊपर्यंत जागतात, आणि हे आठवडाभर चालतं, तेव्हा तीन झोपांच्या दोन करायच्या. मधले पंधरा दिवस गोंधळाचे जातात. दोन झोपा बसल्या की सकाळची साडेनऊच्या पुढे सरकते आणि दुपारची लांबते. मग अंघोळ अर्ध्या तासाने पुढे न्यायची आणि मावशींच्या वेळेबद्दल त्यांच्याशी नव्याने बोलायचं, महिन्याच्या सुरुवातीलाच, कारण त्यांचीही पुढची घरं ठरलेली असतात.